508 मायक्रॉनच्या कॉर्नियावर कोणतं लेझर?

पत्र: माझं वय 27. दोन्ही डोळ्यांना मायनस पाच नंबर, सिलेंडर पाऊण. दिवसभर कॉम्प्युटरवर ड्रॉइंगचं काम असतं आणि संध्याकाळी मी ज्युदो शिकवते, स्वतःही खेळते. चष्मा लावून मॅटवर उतरता येत नाही, म्हणून रोज बारा-बारा तास सॉफ्ट लेन्स असतात. हल्ली दुपारपासून डोळे कोरडे पडतात, ऋतू बदलला की खाजतात. नंबर घालवायच्या लेझरसाठी तीन ठिकाणी तपासून घेतलं. कॉर्निया 508 मायक्रॉन, म्हणजे पातळ आहे म्हणाले. पहिल्या डॉक्टरांनी लॅसिक चालेल असं सांगितलं. दुसरे म्हणाले, पातळ कॉर्नियाला स्माईलच बरं. तिसऱ्या ठिकाणी ऑफिसमधून थेट गेले, लेन्स तिथेच काढल्या. त्यांनी कॉर्नियाचा नकाशा संशयास्पद आहे, काहीच करू नका म्हटलं. पीआरके केलेली एक मैत्रीण सांगते की तीन दिवस ती नुसती रडत होती. तिन्ही रिपोर्ट सोबत जोडते आहे. मी कोणाचं ऐकू?

उत्तर: तूर्तास तिसऱ्यांचं ऐका. त्यांचा निष्कर्ष बरोबर आहे की नाही हे मला अजून ठरवता येत नाही, पण थांबा म्हणण्यात त्यांची चूक नाही. चूक झाली ती लेन्स काढल्या काढल्या नकाशा काढण्यात, आणि ती त्यांच्याइतकीच तुमचीही.

सॉफ्ट लेन्स दिसायला मऊ असली तरी बारा तास डोळ्यावर बसली की कॉर्नियाला, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याला, मिळणारा ऑक्सिजन कमी करते. कॉर्निया किंचित सुजतो आणि त्याचा वरचा थर लेन्सच्या दाबाने इकडेतिकडे सरकतो. अशा डोळ्याची टोपोग्राफी, म्हणजे कॉर्नियाच्या पृष्ठभागाचा नकाशा, काढली की कधी कधी खालच्या बाजूला उंचवटा दिसतो. केराटोकोनसच्या अगदी सुरुवातीलाही असाच उंचवटा दिसतो. या आजारात कॉर्निया हळूहळू पातळ होऊन शंकूसारखा पुढे येतो. तुमच्या तिसऱ्या रिपोर्टमध्ये दोन्ही डोळ्यांत खालच्या भागात नारिंगी डाग आहे, उजव्यात जरा जास्त. पहिल्या दोन रिपोर्टमध्ये तो जवळपास नाही. आजार असता तर तो एका दवाखान्यात दिसून दुसऱ्यात गायब झाला नसता, असं म्हणायचा मोह होतो. पण हा निर्णय अंदाजावर सोडायचा नाही.

फरक ओळखायचे दोन चांगले मार्ग आहेत. एक म्हणजे कॉर्नियाची मागची बाजू. लेन्समुळे बिघडतो तो मुख्यतः पुढचा पृष्ठभाग, तर केराटोकोनसमध्ये मागची बाजू लवकर फुगू लागते. पेंटॅकॅमसारखं यंत्र दोन्ही बाजू मोजतं. दुसरा मार्ग म्हणजे सर्वांत वरच्या पेशींच्या थराचा, एपिथेलियमचा नकाशा. हा थर साधारण 50 मायक्रॉनचा असतो आणि रस्त्यावरचे खड्डे-उंचवटे बुजवणाऱ्या डांबरासारखा वागतो. खाली खरोखर शंकू असेल तर त्याच्या टोकावर हा थर पातळ होतो. लेन्समुळे तयार झालेल्या उंचवट्यावर मात्र तो बहुतेक वेळा जाड असतो, कारण तिथे उंचवटाच त्या थराचा असतो. तुमच्या तीन रिपोर्टपैकी एकातही एपिथेलियमचा नकाशा नाही.

तेव्हा आधी लेन्स पूर्ण बंद. दोन आठवडे, एकही दिवस न चुकवता, ज्युदोच्या दिवशीही नाही. (शिकवता येईल, लढता येणार नाही. तेवढे दिवस शिष्यांना लढू द्या.) मग नकाशा, आणि त्यानंतर एक-दोन आठवड्यांनी त्याच यंत्रावर पुन्हा. दोन्ही नकाशे जुळले आणि दोन्ही वेळा नंबरही तोच निघाला, तर ते मोजमाप तुमच्या खऱ्या डोळ्याचं. कडक लेन्स असत्या तर महिनाभर किंवा त्याहून जास्त थांबा म्हटलं असतं.

या काळात खाजेचाही बंदोबस्त करा. तुम्ही ती पत्रात ओझरती लिहिली आहे, पण मला ती कोरडेपणापेक्षा जास्त खटकली. डोळे चोळण्याची सवय आणि केराटोकोनस यांचा संबंध जवळचा आहे. ऍलर्जीचे थेंब घेऊन खाज आटोक्यात आल्याशिवाय लेझरच्या टेबलावर जाऊ नका, आणि नंतरही आयुष्यभर बोटांचे सांधे डोळ्यांत खुपसून चोळू नका. घरात कोणाला केराटोकोनस असेल, कोणाच्या कॉर्नियाचं रोपण झालं असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा.

समजा, लेन्स सोडल्यावरही तो खालचा उंचवटा राहिला, मागची बाजूही फुगलेली निघाली. मग उत्तर सोपं आहे: लॅसिक, स्माईल, पीआरके, तिन्हींपैकी काहीही नाही. पीआरके वरवरचं आहे म्हणून संशयित कॉर्नियावर चालतं, असं सांगणारे भेटतील. नंबरासाठी ऊती काढणं म्हणजे कमकुवत भिंत आणखी तासणं, मग ती वरून तासा की आतून. तिथे चष्मा राहील, किंवा डोळ्यात जागा पुरेशी असेल तर कॉर्निया न तासता आत भिंग बसवण्याचा पर्याय तपासता येईल.

आता समजा, नकाशे स्वच्छ निघाले. मग पुढचा प्रश्न 508 चा.

सर्वसाधारण कॉर्निया मध्यभागी 540 मायक्रॉनच्या आसपास असतो. 508 पातळ बाजूला आहे, पण पातळ असणं हा आजार नव्हे. जन्मतः पातळ पण निकोप कॉर्निया असलेली माणसं पुष्कळ असतात. खरा हिशोब किती आहे याचा नसून किती उरेल याचा आहे, आणि तो घरी बसून करता येतो.

लेझर साडेसहा मिलिमीटरच्या वर्तुळात एका नंबरामागे साधारण 14 मायक्रॉन ऊती काढतं. वर्तुळ लहान केलं तर कमी जाते, पण मग रात्री दिव्यांभोवती वलयं दिसण्याची शक्यता वाढते. तुमचे पाच आणि सिलेंडरचे पाऊण मिळून पावणेसहा, म्हणजे सुमारे 80 मायक्रॉन. यंत्रागणिक आकडा थोडा इकडेतिकडे होईल, पण विचार करायला एवढा पुरे.

लॅसिकमध्ये आधी सुमारे 110 मायक्रॉनचा फ्लॅप कापतात, म्हणजे बिजागरी असलेलं झाकण. तो उलटून खाली 80 मायक्रॉन तासायचे आणि फ्लॅप परत बसवायचा. 508 मधून 110 आणि 80 गेले की खाली 318 उरतात. निदान 250 तरी उरलेच पाहिजेत असा जुना दंडक आहे, आणि हल्ली बरेच सर्जन 300 च्या खाली जायला नाखूश असतात. एकूण जाडीपैकी किती टक्के भागाला हात लागला हेही बघतात. इथे 190 भागिले 508, म्हणजे 37 टक्के. 40 टक्के ओलांडले की कॉर्निया पुढे फुगण्याचा, म्हणजे एक्टेशियाचा धोका वाढतो असं मानतात. तेव्हा पहिले डॉक्टर चुकीचं बोलत नव्हते. तुम्ही हद्दीच्या आत आहात, पण कुंपणाला टेकून.

स्माईलचा हिशोब काहींना चकित करतो. त्यात फ्लॅप नसतो. फेम्टोसेकंद लेझर कॉर्नियाच्या आत भिंगाच्या आकाराची एक चकती कोरतं, तिला लेन्टिक्यूल म्हणतात, आणि सर्जन ती दोन ते चार मिलिमीटरच्या छोट्या छेदातून ओढून काढतो. चकतीच्या वरचा थर, म्हणजे कॅप, साधारण 120 मायक्रॉनचा. चकती काठाला अगदीच पातळ असली तर फाटते, म्हणून तिला 10 ते 15 मायक्रॉनची जादा जाडी द्यावी लागते. म्हणजे तुमच्याकडून 80 ऐवजी 95 च्या आसपास जाणार, आणि खाली उरणार सुमारे 293. कागदावर लॅसिकपेक्षा कमीच! मग ‘पातळ कॉर्नियाला स्माईल’ हे कुठून आलं?

त्यामागे तर्क आहे. कॉर्नियाचा पुढचा भाग मागच्या भागापेक्षा बळकट असतो, कारण तिथले तंतू एकमेकांत घट्ट विणलेले असतात. लॅसिकचा फ्लॅप गोलाकार कापला की तो ताण पेलण्याच्या कामातून जवळजवळ बाद होतो. नंतर तो बसतो, जागेवर राहतो, पण पूर्वीसारखा कधीच एकजीव होत नाही. स्माईलची कॅप फक्त छोट्या छेदाएवढी कापलेली असते, म्हणून तिच्यातले तंतू पुष्कळसे शाबूत राहतात. कॅपच्या 120 मधून वरचे 50 एपिथेलियमचे सोडले तर 70 मायक्रॉन बळकट ऊती कामावर राहते. त्या हिशोबाने स्माईलनंतर ताण पेलणारी ऊती 293 अधिक 70, म्हणजे 363. लॅसिकनंतर 318. आणि पीआरकेत फक्त एपिथेलियमचे 50 आणि तासलेले 80 जातात, म्हणून 378.

हे गणित मला पटतं, पण त्याला गणितच म्हणायचं. स्माईलनंतरही एक्टेशिया झालेले डोळे आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांच्या नकाशात आधीपासूनच खोट होती. म्हणूनच इतका वेळ नकाशावर घालवला. तुमच्या दुसऱ्या डॉक्टरांचं वाक्य मी असं दुरुस्त करेन: निकोप पण पातळ कॉर्नियाला लॅसिकपेक्षा स्माईल बरं, आणि निव्वळ उरणाऱ्या जाडीचा विचार केला तर पीआरके सर्वांत काटकसरी.

पुढचा प्रश्न ज्युदोचा, आणि इथे लॅसिक माझ्यापुरतं यादीतून जातं.

फ्लॅपच्या कडेला व्रण भरतो तसा भरतो, पण आतला पृष्ठभाग वर्षानुवर्षं सैल राहतो. ऑपरेशननंतर कित्येक वर्षांनी बोट, फांदी किंवा कोपर लागून फ्लॅप सरकल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत. ज्युदोत पकडीसाठी हात सतत गळपट्टीकडे जातात आणि बोटं चेहऱ्यावरून घासतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. सहकाऱ्याच्या ओपीडीत एक मुलगा पाहिल्याचं आठवतं. लॅसिक होऊन चार वर्षं झाली होती, खेळताना मित्राचं नख लागलं आणि फ्लॅपला घडी पडली. तो दोन तासांत आला म्हणून फ्लॅप धुऊन नीट बसवता आला. दोन दिवसांनी आला असता तर घडी पक्की झाली असती आणि फ्लॅपखाली पेशी शिरल्या असत्या. ज्याचा छंद बुद्धिबळ आहे त्याला हा धोका मी फारसा मोजायला सांगत नाही. जाड कॉर्निया, ओलसर डोळा आणि सोमवारी कामावर हजर व्हायची निकड असलेल्या माणसाला लॅसिक उत्तमच आहे, दुसऱ्या दिवशी सकाळी घड्याळ दिसतं. तुमचं तसं नाही.

कोरडेपणाही त्याच बाजूला झुकतो. कॉर्नियातल्या नसा कडेकडून आत येतात. फ्लॅप कापताना बिजागरीची बाजू सोडून बाकी बहुतेक नसा तुटतात, डोळ्याला कोरडेपणा नीट जाणवत नाही, पापणी कमी मिटते आणि अश्रूंचं चक्र बिघडतं. सुधारायला सहा महिने ते वर्ष लागू शकतं. स्माईलमध्ये छेद छोटा म्हणून नसा जास्त वाचतात, पहिल्या काही महिन्यांत कोरडेपणा कमी जाणवतो. पीआरकेतही वरच्या नसांची टोकं जातात आणि काही महिन्यांत परत वाढतात. पण लक्षात घ्या, तुमचा आजचा कोरडेपणा लेन्स आणि स्क्रीन यांच्यामुळे असू शकतो. लेन्स बंद केल्यावर दोन आठवड्यांनी तो किती उरतो ते पाहा. पापण्या न मिटता अश्रूंचा थर किती सेकंद टिकतो हे डॉक्टर मोजतील. दहाच्या बरेच खाली असेल तर आधी त्यावर उपचार, मग लेझर. कोरड्या डोळ्यावर घेतलेली मापंही डळमळीत येतात.

उरले दोन: पीआरके आणि स्माईल.

तुमच्या मैत्रिणीने अतिशयोक्ती केलेली नाही. पीआरकेत एपिथेलियम सौम्य अल्कोहोलने सैल करून किंवा थेट लेझरने काढतात, उघड्या पृष्ठभागावर नंबर तासतात आणि वर पट्टीसारखी एक साधी लेन्स ठेवतात. पहिले दोन-तीन दिवस डोळ्यात वाळू आणि मिरची एकत्र असल्यासारखं वाटतं, उजेड सोसत नाही, पाणी वाहतं. त्यासाठी पोटातून घ्यायच्या गोळ्या आणि थंड शेक असतो. चार-पाच दिवसांत एपिथेलियम कडेकडून वाढत मध्ये येऊन मिळतं आणि लेन्स काढतात. ते मध्ये मिळतं तिथे एक रेष राहते, म्हणून त्या दिवशी नजर अपेक्षेपेक्षा धूसर वाटते आणि लोक घाबरतात. घाबरायचं कारण नाही. कॉम्प्युटरवर कामापुरतं दिसायला आठवडा ते दोन आठवडे जातात, बारीक रेषा कुरकुरीत दिसायला एक ते तीन महिने. तुमचं ड्रॉइंगचं काम आहे, तेव्हा पहिल्या पंधरवड्यात कोणतीही अंतिम तारीख स्वीकारू नका.

दुखणं दुसऱ्या दिवशी शिगेला जाऊन मग उतरलं पाहिजे. चौथ्या दिवशी ते पुन्हा वाढलं, डोळा जास्त लाल झाला, चिकट स्राव आला किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसला, तर ते जंतुसंसर्गाचं लक्षण समजून त्याच दिवशी दवाखाना गाठा, रात्र असली तरी.

पीआरकेचा दुसरा तोटा उशिरा येतो. कॉर्निया बरा होताना वरच्या थराखाली धुकं जमू शकतं. त्याला हेज म्हणतात. नंबर जितका मोठा, तितकी शक्यता जास्त, आणि 80 मायक्रॉन म्हणजे थोडं काम नव्हे. त्यासाठी ऑपरेशनच्या शेवटी मायटोमायसिन नावाचं औषध काही सेकंद लावून धुऊन टाकतात. तुमच्या बाबतीत ते लावणार का, हा प्रश्न विचाराच. नंतर काही महिने उन्हात चांगला अतिनील-रोधक गॉगल, आणि स्टेरॉइडचे थेंब सांगितल्याप्रमाणे हळूहळू कमी करणं. हे थेंब काहींच्या डोळ्याचा दाब वाढवतात आणि वाढलेला दाब दुखत नाही, म्हणून दाब मोजायची भेट चुकवायची नसते. दोन-तीन महिन्यांनी चांगली आलेली नजर पुन्हा धूसर व्हायला लागली तर हेजची शंका घ्यायची.

स्माईलमध्ये दुखणं बहुधा त्याच संध्याकाळी संपतं. नजर लॅसिकइतकी झटपट स्वच्छ होत नाही, पहिले काही दिवस पातळ पडद्यातून पाहिल्यासारखं वाटू शकतं. त्यातली जोखीम मात्र टेबलावरच असते. लेझर चालू असताना डोळा एका काचेला सक्शनने धरलेला असतो. जुन्या यंत्रावर हे जवळपास अर्धा मिनिट चालतं, नव्यावर कमी. समोरचा हिरवा दिवा मध्येच अंधूक होतो आणि रुग्ण त्याला शोधायला डोळा हलवतो. सक्शन सुटलं की काम अर्ध्यावर थांबतं. त्यामुळे दिवा दिसेनासा झाला तरी नजर तिथेच ठेवायची, एवढं पाठ करून जा. दुसरी जोखीम म्हणजे चकती काढताना फाटणं आणि तुकडा आत राहणं. तो राहिला तर नजर वेडीवाकडी येते आणि पुन्हा आत जावं लागतं. म्हणून इथे यंत्रापेक्षा हात महत्त्वाचा. सर्जनला विचारा, स्माईल किती वर्षं करता आणि तुमच्याकडे पीआरकेही होतं का? ज्या दवाखान्यात एकच यंत्र असतं तिथे प्रत्येक कॉर्निया त्याच यंत्राच्या मापाचा निघतो, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे.

आणखी एक बारकावा क्वचितच कोणी सांगतं. नंबर थोडा उरला किंवा काही वर्षांनी परत आला, तर स्माईल पुन्हा तसंच सहसा करत नाहीत. एकतर कॅपवर पीआरके करतात, नाहीतर कॅपचा फ्लॅप करून खाली लेझर मारतात. दुसरा मार्ग घेतला तर तुम्ही ज्या फ्लॅपपासून पळालात तो परत आला. म्हणजे दुरुस्तीची वेळ आलीच तर मैत्रिणीचे ते तीन दिवस तुमच्याही वाट्याला येतीलच.

तुमच्या जागी मी असते, नकाशे स्वच्छ निघाले असते आणि दहा दिवसांची रजा मिळत असती, तर मी पीआरके निवडलं असतं. 508 मधली सर्वांत जास्त ऊती शिल्लक राहते, मॅटवर निखळेल असं काही उरत नाही, आणि दुरुस्तीला जागा राहते. रजा मिळतच नसेल, किंवा आधी कुठल्या जखमेनंतर मोठे, फुगीर व्रण आले असतील, तर अनुभवी हाताचं स्माईल. त्यातही मॅटवर उतरण्याची तारीख सर्जनकडून लेखी घ्या. पीआरकेनंतर साधारण महिनाभर पकडापकडी नकोच. स्माईलनंतर ती थोडी लवकर सुरू करता येते, पण घाम आणि मॅटची धूळ यांच्यापासून पहिले दोन आठवडे दोन्हींतही लांब राहायचं.

लेन्स आज रात्री काढल्यात तर दोन आठवड्यांनी पहिला नकाशा. त्या वेळी एपिथेलियमचाही नकाशा मागा. उंचवटा गेला असेल तर वरचं सगळं लागू. राहिला असेल तर कोणत्याही लेझरची तारीख घेऊ नका, दोन्ही नकाशे मला पाठवा, आणि वर्षभराने त्याच यंत्रावर पुन्हा तपासून तो वाढतो आहे का ते पाहू.